विशेषण नको, घटना लिहा

ज्या बालकाला अजून लिहिता येत नाही, त्याला काय येते हे ठरवायचे कसे? तीन ते आठ वर्षे वयोगटासाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यासाठी निरीक्षणावर भर देतो. निरीक्षणाची दोन साधने शिक्षकाच्या हाती असतात : पडताळा सूची आणि प्रासंगिक नोंद. सूची झटपट भरता येते, म्हणून तीच अधिक वापरली जाते. मात्र सूची केवळ प्रश्न उभा करते, उत्तर नोंदीतच सापडते, असे आमचे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. 'सहा वस्तू मोजतो' या विधानापुढे पाच वर्षांच्या मुलाला 'नाही' अशी खूण मिळते, कारण तो 'एक, दोन, चार, सात' असे म्हणतो. आता त्याच मुलाची नोंद पाहा : "१२ जुलै, दुपारी साडेबारा, भोजनगृह. सहा मुले पंगतीत. प्रत्येकापुढे एक ताट ठेवले. पाच ताटे संपली. शेवटच्या मुलाकडे पाहून म्हणाला, 'याला न्हाई भेटलं.' आत जाऊन एकच ताट आणले."

एका मुलास एक ताट ही संगती त्याला उमगलेली आहे. अडते ते संख्यानामांच्या क्रमापाशी. तेव्हा त्याला वेगळे पाढे घोकायला न लावता, ताट ठेवताना संख्या उच्चारायला लावावी. पुढे तीन जागा रिकाम्या ठेवून 'एकाच फेरीत हवी तेवढी ताटे आण' असे सांगावे. तीनच ताटे आणली, तर संख्या त्याच्या मनात टिकते असे दिसेल. मात्र एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये. हेच वर्तन वेगळ्या ठिकाणी, दोन-तीनदा दिसले पाहिजे.

इतिहासाचा अभ्यासक मूळ साधन आणि त्यावरील भाष्य वेगळे ठेवतो. शिक्षकानेही तसेच करावे. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' ही नोंद नव्हे, तो निवाडा आहे. तो कधी, कशावरून दिला हे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कळत नाही, विशेषण मात्र मुलाला चिकटते. मुलाचे बोल त्याच्याच बोलीत लिहावेत. शुद्ध करून लिहिले, तर पुरावा बदलतो. बोलीलाच अज्ञान मानले, तर मुलावर अन्याय होतो.

नोंदी महिनाअखेरीस आठवून लिहिल्या, की सर्वांच्या पानांवर तीच वाक्ये उतरतात. शिवाय दंगेखोर मुलांची पाने भरतात आणि मुकाट मुलाचे पान कोरे राहते. वर्गात वीस मुले असतील, तर रोज चार ठरवून पाहावीत, म्हणजे पाच दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. तरीही एखादे पान कोरे राहिले, तर ते मुलाविषयी काहीच सांगत नाही. आमची नजर कुठे पोहोचली नाही, एवढेच ते सांगते.