थर्मामीटरवर ९८.६ आलं आणि मी निवांत झोपलो

गेल्या आठवड्यात एका तरुण शेळीपालक मित्राचा फोन आला. "दादा, करडू गार पडून गेलं. पण थंडी तर नव्हतीच, मोबाईलवर २४ डिग्री दाखवत होतं. मग गारठलं कसं?" हा प्रश्न मलाही एकदा पडला होता आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. झड लागलेली, शेडमध्ये हवा २४-२५ डिग्री. म्हणजे मी स्वतः बनियनवर. रात्री शेळी व्याली, जुळी झाली. पहिलं करडू तिनं चाटून कोरडं केलं, ते उठून सडाला लागलं. दुसरं अर्ध्या-पाऊण तासानं आलं. तोवर शेळीचं सगळं लक्ष पहिल्यावर. दुसरं ओल्या कोब्यावर, वाऱ्याच्या बाजूला पडून राहिलं. मला ते जरा सुस्त वाटलं, म्हणून घरातला थर्मामीटर आणून गुदद्वारातून ताप पाहिला. ९८.६ फॅरेनहाइट. म्हटलं ताप नाही, नॉर्मल आहे. थोडा वेळ कुडकुडलं, मग तेही थांबलं. वाटलं, सावरलं. सकाळी ते गेलेलं होतं.

चूक त्या ९८.६ मध्ये होती. ते माणसाचं नॉर्मल. शेळी-मेंढीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. निरोगी करडू किंवा कोकरू १०२ ते साडेतीन-चारच्या घरात असतं. म्हणजे माझं करडू नॉर्मल नव्हतं, तीन-चार डिग्रीनं खाली आलं होतं. आपण थर्मामीटर काढतो तो ताप बघायला, आकडा खालीही घसरू शकतो हे डोक्यात येतच नाही.

आता २४ डिग्रीत गारठतं कसं? हवा गार असावी लागत नाही, करडू ओलं असलं की पुरतं. अंगावरचं पाणी वाळतं तेव्हा ते वाफ होण्यासाठी उष्णता ओढतं. एक मिली पाण्याला साधारण अर्धी किलोकॅलरी, जरा जास्तच. दोन चमचे पाणी, म्हणजे १० मिली वाळलं तर पावणेसहा किलोकॅलरी गेल्या. दोन किलोच्या करडाचं अंग एक डिग्री सेल्सिअसनं उतरायला पावणेदोनही पुरतात. म्हणजे हा सगळा भार करडावर पडला, तर दोन चमचे पाणी त्याला सव्वातीन डिग्रीनं खाली आणेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते, काही पाणी नुसतं गळून जातं आणि करडू स्वतःही ऊब तयार करत असतं, म्हणून इतकं होत नाही. पण नुकतं जन्मलेलं करडू दोन चमच्यांपेक्षा कितीतरी ओलं असतं. वारा असला की वाळणं जोरात चालतं. खाली ओला कोबा असला तर पोटाकडून वेगळी उष्णता जाते. आणि अंग लहान असलं की वजनाच्या मानानं कातडी जास्त, म्हणून गळती जास्त.

ऊब तयार करायला त्याच्याकडे जन्मताना थोडी खास चरबी असते. ती साधारण पाचएक तास पुरते. तेवढ्यात चीक पोटात गेला तर ठीक, नाही गेला तर जळायला काही उरत नाही. कुडकुडणं थांबतं ते बरं वाटून नाही, सरपण संपून. मी नेमकं तेच उलटं वाचलं होतं.

२०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पुणे-नगर भागात अवकाळी पाऊस झाला आणि धनगर बांधवांची शेकडो मेंढरं उघड्या रानात गेली, ते आठवत असेल. तीही ओल आणि वाऱ्यानं गेली. लोकर भिजली की तिच्यात अडकलेली हवा जाते, मग लोकर असून नसल्यासारखी.

तर आता मी आकडे असे वाचतो. १०२ च्या खाली आलं की करडू उचलून पुसतो आणि चीक पाजतो. १०० च्या खाली आलं की बाकी कामं सोडतो. ९८.६ च्या खाली म्हणजे जीव धोक्यात. थर्मामीटर दोन-तीन सेंटीमीटर आत, टोक आतड्याच्या बाजूला टेकवून धरायचा. लेंडीत घुसला तर आकडा चुकतो. डिजिटल बीप वाजल्यावरही मी अर्धा मिनिट धरून ठेवतो. पडद्यावर Lo आलं तर यंत्र बिघडलंय समजू नका, आकडा त्याच्या मोजण्याच्या पलीकडे खाली आहे. पाऱ्याचे जुने थर्मामीटर ९४-९५ वरच सुरू होतात, त्यामुळे करडू ९२ वर असलं तरी ते ९४ च सांगतील. कपाळावर धरायची बंदूक ओल्या केसांवर काही कामाची नाही. थर्मामीटर नसेल तर करडाच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं आणि बोट चोखलं नाही, तर गंभीर.

मागच्या श्रावणातलं उदाहरण देतो. पहाटे सहाला शेडमध्ये गेलो तर दोन किलोचं करडू आडवं. तीनच्या फेरीला शेळी व्यालेली नव्हती, म्हणजे करडू तीन तासांच्या आतलं. ताप ९९.२, मान उचलत होतं, बोट हळू चोखत होतं. आधी बारदानानं खसखसून कोरडं केलं. मग शेळीचा चीक काढून कोमट असतानाच बाटलीनं १०० मिली पाजला (किलोला ५० मिली धरतो). खोक्यात कोरडं गवत, कडेला गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून. अर्ध्या तासानं १००.४, सव्वा तासानं १०२. तिथे बाटल्या काढल्या, कारण जास्त तापवलं तरी मरतं. नऊ वाजता आईखाली सोडलं.

मान टाकली असेल, चोखत नसेल, तर तोंडात दूध, गूळपाणी काही ओतू नका. ते फुप्फुसात जातं. आणि पाच तासांपेक्षा मोठं करडू ९८.६ च्या खाली असेल तर थेट चुलीपाशीही नेऊ नका. यावर माझं घरातसुद्धा भांडण झालंय. त्याच्या रक्तात साखर उरलेली नसते. ऊब लागली की शरीर जागं होऊन साखर मागतं, ती मिळत नाही आणि करडू झटके देऊन मरतं. आपण म्हणतो, "शेकलं तरी गेलं." आधी डॉक्टरांकडून पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब. हे इंजेक्शन बघून-बघून स्वतः टोचायची गोष्ट नाही. पाच तासांच्या आतलं असेल तर आधी कोरडं करून ऊब, आणि मान धरू लागल्यावर चीक.

जाता जाता, भातलावणीला दिवसभर पावसात, गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायामाणसांनाही हेच होतं. माणसाचं आतलं तापमान ९५ फॅरेनहाइटच्या खाली गेलं की ते गारठणं. जीभ जड होणं, हातातली रोपं सुटणं, काही विचारलं तर भलतंच उत्तर देणं ही खूण. बांधावर कोरडे कपडे ठेवा, त्या माणसाला वाऱ्यातून आत घ्या, आणि बोलणं अडखळत असेल तर दवाखाना गाठा.

माझ्या शेडमधल्या थर्मामीटरच्या डबीवर आता मार्करनं लिहिलंय: करडू १०२. घरातला थर्मामीटर वेगळा. बायकोनं तो परत शेडमध्ये न्यायला साफ मनाई केली आहे.