अंड्यांच्या खोक्यावरील तीन शब्द

‘फ्री रेंज’, ‘ऑर्गॅनिक’ आणि ‘अँटिबायोटिक-फ्री’ हे शब्द अंड्यांच्या खोक्यांवर व चिकनच्या पाकिटांवर सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापलेले असतात. त्यांच्यामागचे कायद्याचे बळ मात्र सारखे नाही.

त्यातल्या त्यात भक्कम शब्द ‘ऑर्गॅनिक’. २०१७च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार हा दावा करणाऱ्या पाकिटाला प्रमाणपत्राचा आधार लागतो आणि त्यावर ठरवून दिलेले सेंद्रिय चिन्ह असावे लागते. चिन्ह नसेल तर तो शब्द केवळ सजावट होय. ‘फ्री रेंज’ला तेवढाही आधार नाही. युरोपीय संघात असे अंडे विकायचे तर प्रत्येक कोंबडीमागे ४ चौरस मीटर मोकळी जागा ठेवावी लागते. भारतीय अन्न कायद्याने असे कोणतेही माप ठरवलेले नाही. कोंबडी किती वेळ आणि कोठे फिरली, हे उत्पादकच ठरवतो.

सर्वाधिक गैरसमज तिसऱ्या शब्दाभोवती आहे. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होते. समजा, तिसऱ्या आठवड्यात कळपाला पाण्यातून परवानगी असलेले प्रतिजैविक दिले गेले. त्यानंतर औषध शरीरातून निघून जाण्यासाठी ठरवून दिलेले दिवस पाळले, तर विक्रीच्या वेळी मांसाच्या नमुन्यात त्याचा अंश मर्यादेच्या आतच सापडेल, कदाचित सापडणारही नाही. प्रयोगशाळेचा अहवाल निर्दोष येईल आणि तो खराही असेल. मात्र औषध कधी दिलेच नव्हते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. औषधाला दाद न देणारे जिवाणू त्या खुराड्यात निर्माण झाले असतील, तर अंश मोजणारी चाचणी त्यांच्याविषयी मौनच बाळगते. चिंता खरी तीच आहे. कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधाचा पशुपालनातील वापर केंद्राने २०१९मध्ये बंद केला, तो याच कारणासाठी.

म्हणून ‘अंश आढळला नाही’ आणि ‘जन्मापासून दिले नाही’ ही दोन वेगळी आश्वासने आहेत. पहिल्यासाठी चाचणी पुरते. दुसऱ्यासाठी फार्मवरील औषधांची नोंदवही आणि तिची त्रयस्थाकडून तपासणी लागते. ‘अँटिबायोटिक-फ्री’ या नुसत्या शब्दातून यांपैकी कोणते आश्वासन अभिप्रेत आहे, हे कळत नाही. पाकिटावर तपासणी करणाऱ्या संस्थेचे नाव आणि बॅच क्रमांक असेल, तर निदान विचारणा करण्यास जागा राहते.

कवचाचा तपकिरी रंग यांपैकी कशाचाच पुरावा नाही. तो कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, तर बलकाचा गडद पिवळेपणा खाद्यावर. गोव्याच्या बाजारात टोपलीतून विकल्या जाणाऱ्या गावठी अंड्यांवर कोणतेच लेबल नसते. तेथे गिऱ्हाईक विकणारीलाच विचारते, कोंबड्या कोणाच्या आणि त्यांना खायला काय घालता.