आठची डावी, दहाची उजवी

गेल्या आठवड्यात मी चार पानं लिहिली आणि तीही वेळेत. आमच्या संपादकांना हे वाचून धक्का बसेल, पण पानं त्यांच्यासाठी नव्हती, मावशींसाठी होती. भाच्याच्या लग्नाला तीन दिवस नागपूरला जायचं होतं आणि बाबांजवळ नवीन मावशी राहणार होत्या.

माहिती पटकन सांगते. बाबा ८१ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने डावी बाजू गेली, साखर त्याआधीचीच. माणूस हलला नाही की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तिथलं रक्त अडतं आणि काही तासांत आतून जखम सुरू होते. माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा आधी जातात.

मावशींनी पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ताई, मालिश कुठाय यात?"

होतं की! 'लाल जागा चोळायची नाही' ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली होती. मावशींचा वीस वर्षांचा अनुभव त्या दोन रेघांवर रुसला. लाल दिसलं की खोबरेल घेऊन चोळायचं, रक्त खेळतं, असं त्या कायम करत आल्या होत्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही, कारण दिवाळीत मीही तेच केलं. मोजा काढताना बाबांच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. दोन दिवस मनोभावे चोळला. तिसऱ्या दिवशी जागा जांभळट झाली आणि बोटाला पिलपिलीत लागली. घरी येणाऱ्या सिस्टरनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आत मांस चेंगरलंय, तुम्ही वरून आणखी चेंगरताय." डॉक्टरांना दाखवलं. कातडी फुटली नाही हे नशीब, पण टाच पूर्ववत व्हायला सहा आठवडे गेले.

सिस्टरनी तेव्हा बोटाची परीक्षा शिकवली. लाल जागा बोटाने हलकेच दाबायची आणि सोडायची. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, त्या जागेवरचा भार काढायचा. लालच राहिली तर नुकसान सुरू झालंय, डॉक्टरांना फोन करायचा. आमच्यासारख्या सावळ्या घरात लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने चाचपायचं. शेजारच्या कातडीपेक्षा जागा गरम, कडक किंवा मऊ लागली की समजायचं.

टाचेखाली उशी ठेवायची नाही, हे पटवायला अर्धा तास गेला. उशी पोटरीखाली हवी, गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत आणि टाच अधांतरी. खालून कागद आरपार गेला पाहिजे. मधे भोक असलेली हवेची रिंग एका नातेवाइकांनी प्रेमाने आणली होती. तिच्या कडा सभोवती दाबून मधल्या जागेचंच रक्त तोडतात. ती आता माळ्यावर आहे. तेल पायाला चालेल, बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथे पुसून कोरडं करायचं, ओल राहिली की चिखल्या होतात. पाय धुवायचं पाणी आपल्या कोपराने तपासायचं, कारण बाबांना डाव्या पायाला चटका कळत नाही.

राहता राहिली कूस. दिवसा दर दोन तासांनी बदलायची. रात्री डॉक्टरांनी तीन तासांची मुभा दिली आहे. पूर्ण आडवं वळवलं तर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीशी उशी लावून नुसतं तिरकं करायचं. ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं. सुरुवातीला बाबा वैतागायचे. "मी काय पोळी आहे का उलटायला?" मग एके दिवशी त्यांनी कारभार स्वतःकडे घेतला. बाबा एसटीत कंडक्टर होते. घड्याळाकडे बघून घोषणा सुरू झाल्या, "आठची डावी! दहाची उजवी!" दहा मिनिटं उशीर झाला की डेपोत तक्रार करीन म्हणतात. घरातल्या सात उशा त्यांच्या गाडीला लागल्या असून मी सध्या घडी घातलेल्या शालीवर झोपते. जोडधंदा म्हणून ते शेजाऱ्यांना सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळाही सांगतात. त्या १९८४ च्या आहेत.

नागपूरचं लग्न चांगलं झालं, जेवण विसरण्यासारखं होतं. परत आले तर माझ्या चौथ्या पानाच्या मागे मावशींनी रकाने आखले होते: वेळ, कूस, टाच. सगळं भरलेलं. फक्त तिसऱ्या रात्रीची दोनची ओळ कोरी होती, तिच्याखाली 'पहाटे पाच, टाच दाबून पाहिली, ठीक'. मी विचारलं, दोनचं काय झालं? मावशी चाचरल्या. उत्तर पलंगावरून आलं.

"ती वस्तीची गाडी होती."