8 बिट, 16 बिट, 64 बिट: व्हिडिओ गेमच्या खोक्यावरचा हा आकडा नेमकं काय मोजत होता?

वसई-विरार पट्ट्यातल्या कुठल्याही स्टेशनबाहेरच्या गल्लीत शिरा. मोबाइल कव्हर आणि इअरफोनच्या शेजारी हातात मावणारे व्हिडिओ गेम टांगलेले दिसतील. मागच्या महिन्यात भाच्याच्या वाढदिवसासाठी मी असाच एक घ्यायला गेले होते. दुकानदाराने तीन खोकी पुढे केली. एकावर 8 बिट लिहिलं होतं, दुसऱ्यावर 16 बिट आणि तिसऱ्यावर 64 बिट. तिसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिप्पट होती. का, असं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, बिट जास्त आहेत ना!"

मी 64 वालाच घेतला. घरी येऊन सुरू केला तर समोर तोच काँट्रा आणि तोच मारिओ. बाबांच्या पिढीने नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळलेला, चित्र तेच आणि आवाजही तोच.

मग ते 64 कशाचे होते? याचं उत्तर शोधायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं. कारण या आकड्यावर पैसे मोजणारी मी काही पहिली नाही.

18 हजारांचा 16 बिट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून जे मिळायचं, ते बहुतेक वेळा निन्टेंडोच्या 8 बिट यंत्राची नक्कल असायची. मूळ यंत्र जपानमध्ये 1983 साली आलेलं. 1995 मध्ये जपानच्या सेगा कंपनीने भारतात पाऊल टाकलं, तेही शॉ वॉलेससोबत. हो, दारूच्या धंद्यासाठी ओळखली जाणारी तीच शॉ वॉलेस. तेव्हा अशा यंत्रांवर 80 टक्के आयात शुल्क होतं आणि ते टाळण्यासाठी ही भागीदारी होती. एवढं करूनही सेगाच्या 'मेगा ड्राइव्ह'ची किंमत होती 18,000 रुपये.

1995 मधले 18,000 म्हणजे अनेक घरांत कित्येक महिन्यांचा पगार. काँट्रा खेळवणारं नकली यंत्र याच्या कितीतरी कमी पैशांत येत होतं. मग जास्तीचे पैसे कशासाठी? एका शब्दात सांगता येण्यासारखं उत्तर एकच होतं: ते 8 बिट, हे 16 बिट.

बिट म्हणजे प्रोसेसरचा घास

प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळू शकतो, हे बिटवरून कळतं. घास केवढा घेता येतो, असं म्हणा. 8 बिटच्या घासात 0 ते 255 एवढेच आकडे बसतात, 16 बिटच्या घासात 0 ते 65,535.

निन्टेंडोच्या 'लेजंड ऑफ झेल्डा' या गेममध्ये नायक जी नाणी गोळा करतो त्यांना 'रुपी' म्हणतात, आणि पहिल्या झेल्डात 255 पेक्षा जास्त रुपी जमतच नाहीत. नाण्यांचा हिशेब एका घासात ठेवला होता, तो तिथे भरला.

मग 8 बिट यंत्राला मोठे आकडे येतच नाहीत का? येतात, फक्त तुकडे करावे लागतात. 300 आणि 500 ची बेरीज घ्या. 300 म्हणजे एकदा 256 आणि वर 44. 500 म्हणजे एकदा 256 आणि वर 244. प्रोसेसर आधी 44 आणि 244 मिळवतो. उत्तर 288, जे 255 च्या पुढे जातं. म्हणून तो 32 लिहितो आणि हातचा 1 धरतो. मग वरचे 1 आणि 1, त्यात हातचा 1, झाले 3. तीनदा 256 आणि वर 32, म्हणजे 800. शाळेत शिकलो तीच हातच्याची बेरीज. 16 बिट प्रोसेसर हीच बेरीज एका पायरीत करतो.

म्हणजे आकडा जे मोजत होता ते खोटं नव्हतं. मोठ्या संख्यांचं गणित कमी पायऱ्यांत होत होतं. पण त्यात रंग किती, आवाज कसा, पडद्यावर एकाच वेळी किती शत्रू धावू शकतात, यातलं काहीही येत नव्हतं.

आणि 'घास' सुद्धा एकच नसतो. मेगा ड्राइव्हमध्ये मोटोरोलाचा 68000 हा प्रोसेसर होता. तो आतमध्ये 32 बिटचे आकडे साठवायचा, मेमरीकडून माल आणायचा तो 16 तारांवरून, आणि मेमरीचे पत्ते लिहायचा 24 बिटमध्ये. याला 16 म्हणायचं, 24 की 32? सेगाने 16 निवडला आणि माझ्या मते तो बऱ्यापैकी प्रामाणिक होता. पण निवड करावी लागली, हे महत्त्वाचं. निवड आली की ती जाहिरात विभागाच्या हातात जाते.

मग फरक दिसत का होता?

8 बिट निन्टेंडो आणि 16 बिट मेगा ड्राइव्ह शेजारी ठेवले तर फरक लहान मुलालाही कळायचा. कारण दोन्हींच्या मध्ये पाच वर्षं गेली होती आणि त्या काळात सगळंच बदललं होतं. निन्टेंडोकडे कामाची मेमरी 2 केबी होती, मेगा ड्राइव्हकडे 64 केबी. निन्टेंडोची चित्राची चिप एका आडव्या ओळीत हलणारे 8 तुकडेच दाखवू शकायची. नववा आला की काहीतरी गायब व्हायचं. काँट्रात गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकतात, ते याच मर्यादेमुळे. मेगा ड्राइव्हमध्ये ही मर्यादा 20 होती.

हा सगळा फरक चित्राच्या चिपचा आणि मेमरीचा, पण श्रेय गेलं बिटला. दुकानात उभ्या असलेल्या आईबाबांना 'एका ओळीत 20 तुकडे' म्हणजे काय हे कोण समजावणार? 16 हा 8 च्या दुप्पट आहे, हे मात्र कुणालाही समजतं.

सेगाची आणखी एक अडचण होती. 1989 मध्ये मेगा ड्राइव्ह अमेरिकेत 'जेनेसिस' नावाने आलं तेव्हा तिथे घराघरात निन्टेंडो होतं. मारिओ निन्टेंडोचा, झेल्डा निन्टेंडोचा, सोनिक अजून जन्मायचा होता. गेमच्या यादीवर ही लढाई जिंकता येणार नव्हती. पण निन्टेंडोचं 16 बिट यंत्र अमेरिकेत पोचायला 1991 उजाडलं. तोपर्यंत हा एक आकडा सेगाकडे होता आणि निन्टेंडोकडे नव्हता. पहिल्या मेगा ड्राइव्हच्या अंगावरच मोठ्या अक्षरांत '16 बिट' कोरलेलं होतं ते उगीच नाही.

8 बिटवाल्याचे रंग जास्त

या आकड्याची परीक्षा घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण एनईसी कंपनीच्या यंत्राचं आहे. 1987 मध्ये जपानमध्ये ते 'पीसी इंजिन' या नावाने आलं. नावात कुठलाही आकडा नाही. दोन वर्षांनी तेच यंत्र अमेरिकेत सेगासमोर उभं राहिलं तेव्हा नाव झालं 'टर्बोग्राफिक्स-16'. आतला प्रोसेसर मात्र 8 बिटचाच होता. 16 बिटची होती ती चित्राची बाजू, आणि कंपनीने आकडा तिथून उचलला.

लबाडी वाटते ना? आता पडदा बघा. हे यंत्र एकाच वेळी 482 रंग दाखवू शकायचं. खऱ्याखुऱ्या 16 बिट मेगा ड्राइव्हची सर्वसाधारण मर्यादा होती 64 रंगांची. म्हणजे रंगांच्या बाबतीत 8 बिट प्रोसेसरवालं यंत्र सरस होतं. दुसरीकडे निन्टेंडोचं 16 बिट यंत्र 256 रंग दाखवायचं, पण त्याच्या प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग मेगा ड्राइव्हच्या निम्म्याहून कमी होता. तीन यंत्रं, तिन्ही '16 बिट' म्हणून विकलेली, आणि तिन्हींची ताकद तीन वेगळ्या ठिकाणी.

पुढे तर आकड्यांचा बाजारच भरला. एसएनके कंपनीने 1990 मध्ये 'निओ जिओ' 24 बिट म्हणून विकलं. आत मेगा ड्राइव्हच्याच जातीचा 16 बिट प्रोसेसर आणि मदतीला एक 8 बिटचा. 16 अधिक 8 बरोबर 24. दोन शिड्या शेजारी ठेवल्या म्हणून उंची वाढत नाही, पण खोक्यावर चाललं.

1993 मध्ये अटारीचं 'जॅग्वार' 64 बिट म्हणून आलं. दोन 32 बिट चिपची बेरीज करून 64 काढले, असं आजही अनेक जण सांगतात. ते पूर्ण बरोबर नाही. त्यात मेमरीकडे जाणारा मार्ग आणि चित्र जुळवणारे काही भाग खरोखर 64 बिटचे होते. पण त्याच यंत्रात एक 68000 ही होता आणि तो ओळखीचा असल्यामुळे अनेक गेम बनवणाऱ्यांनी मुख्य काम त्याच्यावरच टाकलं. म्हणजे 64 बिटच्या यंत्रात गेम हाकत होता मेगा ड्राइव्हचा प्रोसेसर. जॅग्वार काही टिकलं नाही.

आकडा गेला कसा?

1996 च्या निन्टेंडो 64 चा प्रोसेसर खरोखर 64 बिटचा होता, पण गेममधलं बहुतेक गणित 32 बिटमध्येच भागत होतं. 1998 मध्ये सेगाच्या ड्रीमकास्टला 128 बिट म्हटलं गेलं, तर त्याचा प्रोसेसर 32 बिटचा होता. चार आकडे एकदम हाताळायची सोय त्यात होती, तिथून 128 आले.

मग 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला, 32 बिटच्या इंटेल प्रोसेसरवर. ताकदीला तो ड्रीमकास्टच्या खूप पुढे होता. बिटच्या हिशेबाने त्याला मागचा म्हणावं लागलं असतं. मोठ्या कंपन्यांना हा आकडा परवडेनासा झाला आणि खोक्यांवरून उतरला. आजचा प्लेस्टेशन 5 चा प्रोसेसर 64 बिटचा आहे, निन्टेंडो 64 सारखाच. तशी तुलना कुणी करत नाही.

मग गल्लीतलं खोकं कसं ओळखायचं?

आता माझं 64 बिट खोकं. अशा स्वस्त यंत्रांत आज मोबाइलच्या जातीची चिप असू शकते, आणि तसं असेल तर 64 हा आकडा खराही असेल. पण त्यात भरलेला काँट्रा 1988 चाच. 8 बिटसाठी लिहिलेला गेम 64 बिट चिपवर चालवला म्हणून त्याचे रंग वाढत नाहीत. खोक्यावरचे '64' काही वेळा मेमरी कार्डाचे जीबीही असतात, तेही वाचून घ्या.

दुकानातच यंत्र सुरू करायला सांगा. काँट्रासारख्या गेममध्ये गर्दी झाल्यावर माणसं लुकलुकली, तर तो गेम जुन्या निन्टेंडोचा. मग गेमच्या यादीत पाच-सहा पानं पुढे जा. '500 गेम' असं लिहिलेलं असेल तर त्याच मारिओचं नाव बदलून, पातळी बदलून पुन्हा येतं का बघा. आणि सोनिक आहे का विचारा. असेल आणि नीट चालत असेल, तर यंत्र निदान सेगाच्या काळापर्यंत पोचलेलं आहे.

माझ्या यंत्रात सोनिक नव्हता. मारिओ अकरा वेळा होता. भाच्याला अजून ते कळलेलं नाही, तो सध्या सातव्यावर आहे.