गाठ निघाल्यावर विमा काढताना

स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा आला की घरचे विमा एजंट गाठतात. बहुतेक कंपन्या नकार देतात. विमा न आलेल्या संकटावर चालतो. इथे खर्च ठरलेलाच असतो. ‘फॉर्मात आजार लिहू नका,’ असे एजंट म्हणाला तरी लपवू नका. क्लेमच्या वेळी बायोप्सीची तारीख उघड होते, पैसे नाकारले जातात, भरलेला हप्ताही बुडू शकतो.

आमचे मत स्पष्ट आहे : हप्त्यासाठी कर्ज काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना गाठा. तिथे आधीचा आजार आड येत नाही. यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. घरात कुणाला कंपनीचा गट विमा असेल तर तोही विचारा. त्यात अनेकदा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात.