प्रवेश घेण्याआधी एक पत्र

नागपूरच्या एका बँकेत काम करणाऱ्या तरुणीला संध्याकाळचा संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम करायचा होता. फी भरण्याआधी तिने प्राध्यापकांना ई-मेल पाठवली, 'कृपया कोर्सची माहिती द्यावी.' उत्तरात आले ते कॉलेजचे माहितीपत्रक, जे तिच्या पर्समध्ये आधीच होते! अशा मोघम प्रश्नाला दुसरे काय उत्तर येणार?

दुसऱ्या वेळी विषयाच्या ओळीत तिने अभ्यासक्रमाचे नाव आणि 'प्रवेशापूर्वी तीन प्रश्न' एवढेच लिहिले. मजकूर असा :

'सप्रेम नमस्कार. मी वाणिज्य पदवीधर असून बँकेत नोकरी करते. गणित बारावीपर्यंत झाले आहे. १. आठवड्यागणिक काय शिकवणार आणि कोणते पुस्तक वापरणार, ते कळेल का? २. वर्गाखेरीज घरी दर आठवड्याला किती तास लागतात? ३. अंतर्गत व लेखी परीक्षेचे गुण किती, दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते का आणि चाचणी चुकल्यास पुन्हा देता येते का? वीस तारखेपर्यंत फी भरायची असल्याने त्याआधी उत्तर मिळाल्यास बरे होईल.'

स्वतःची तयारी आधी सांगितल्याने प्राध्यापकांना नेमका सल्ला देता आला : पहिल्या तीन आठवड्यांत बारावीची संभाव्यता पुन्हा वाचून काढा.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. 'फार काही नसते' या उत्तरावर विसंबू नये. क्रेडिटवरून अंदाज बांधावा. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे अभ्यासाचे ३० तास धरले आहेत. हा अभ्यासक्रम चार क्रेडिटचा, म्हणजे १२० तासांचा. पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला आठ तास. त्यांतले चार वर्गात, उरलेले चार घरी. गणिताची सवय सुटलेल्याला याहून जास्तच लागतील.

परीक्षेचे उत्तरही बोलके होते. अंतर्गत ४०, लेखी ६०, दोन्हींत वेगळे उत्तीर्ण होणे आवश्यक. अंतर्गत गुणांपैकी निम्मे एका प्रकल्पाला, तो बाराव्या आठवड्यात द्यायचा. वैद्यकीय दाखला असेल तरच मुदत वाढते. नुसते 'सतत मूल्यमापन' असे उत्तर आले असते, तर हे तिला कळलेच नसते. त्या शब्दात दोन चाचण्याही बसतात आणि दर शुक्रवारचा गृहपाठही.

तिने कॅलेंडर काढले. वर्ग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार, म्हणजे बारावा आठवडा मार्चअखेरचा. बँकेत त्या दिवसांत रात्री आठशिवाय सुटका नाही, आणि कामाचा ताण म्हणजे काही आजारपण नव्हे. तिने आणखी एका ओळीची ई-मेल पाठवली : हाच अभ्यासक्रम पुढच्या सत्रात असतो का? असतो, जुलैच्या मध्यावर सुरू होतो, असे उत्तर आले. तिथे प्रकल्प ऑक्टोबरच्या सुरुवातीला द्यायचा होता. तिने जानेवारीची फी भरली नाही.