समुद्र मागे हटतो तेव्हा

सन २००४ च्या नाताळाचा दुसरा दिवस रविवार होता. त्या दिवशी सकाळी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वेलांकणी येथे दूरदूरच्या प्रांतांतून आलेले यात्रेकरू समुद्रस्नानास उतरले होते. नऊच्या सुमारास समुद्र चढू लागला आणि पाहता पाहता किनाऱ्यावरची माणसे, दुकाने व झोपड्या त्याने ओढून नेल्या. एकट्या वेलांकणीत शेकडो जण दगावले. हिंदी महासागराच्या सर्व किनाऱ्यांवर मिळून त्या दिवशी सव्वादोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या घराण्यांतून वेलांकणीस जाण्याची चाल जुनी आहे. तेव्हा ही लाट कशी उत्पन्न झाली व ती येण्यापूर्वी समुद्र पुष्कळदा मागे का हटतो, हे नीट समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अशा लाटेस आज सर्व जगात ‘त्सुनामी’ म्हणतात. हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ ‘बंदरातील लाट’ असा होतो. खोल समुद्रात मासे धरणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांखालून ही लाट निघून जाई, तरी त्यांना तिची चाहूल लागत नसे. बंदरात परतल्यावर मात्र गाव उद्ध्वस्त झालेले दिसे. असे का व्हावे, ते पुढे ध्यानात येईल.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते अनेक प्रचंड खडकाळ तबकांचे बनलेले आहे. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्रतळाशी एक लांबच लांब खंदक आहे. तेथे आपल्या बाजूचे तबक पूर्वेकडील तबकाखाली दरसाल काही सेंटिमीटर शिरत असते. दोहोंच्या मधली जागा घट्ट अडकून राहिली, म्हणजे खालचे तबक वरच्या तबकाची कडही आपल्याबरोबर खाली ओढते. एखाद्या जाड पुठ्ठ्याची एक कड बोटाने खाली व आत दाबून धरावी. त्याचा मागील भाग फुगून वर येतो. आता बोट एकदम काढावे. कड उसळून वर येते आणि फुगलेला भाग खाली बसतो. वरच्या तबकाचेही असेच होते, मात्र फुगवटा जमावयास शतके लागतात आणि तो सुटावयास मिनिटे पुरतात.

दिनांक २६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेसहाच्या सुमारास हे घडले. सुमात्रापासून अंदमानापर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीची ती अडकण सुटत गेली. भूकंपाचे मान ९.१ होते. खंदकाजवळची समुद्रतळाची कड काही मीटर वर उचलली गेली. तिच्या पूर्वेकडील पट्टा खाली बसला. ही हालचाल इतक्या झपाट्याने झाली की वरच्या पाण्यास बाजूस सरण्याची सवडच मिळाली नाही. तळ जेथे चढला तेथे वरचे सर्व पाणी चढले, आणि जेथे खचला तेथे ते खाली गेले. अशा रीतीने समुद्राच्या पृष्ठावर पश्चिमेस पाण्याचा एक लांबट उंचवटा व पूर्वेस एक लांबट खळगा तयार झाला. पाणी सपाट होऊ पाहते, तेव्हा हे दोन्ही दोहों दिशांना पसरू लागले. हीच त्सुनामी होय.

वाऱ्याने उठणारी लाट समुद्राचा केवळ वरचा थर हलविते, आणि दर काही सेकंदांनी एक येऊन फुटते. त्सुनामीत तळापासून पृष्ठापर्यंतचे सर्व पाणी हलते. तिच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर शेकडो किलोमीटर भरू शकते आणि एक लाट पुरी होण्यास दहा मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो. तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. चार हजार मीटर खोलीत ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर धावते, म्हणजे विमानाच्या वेगाशी बरोबरी करते. दहा मीटर खोलीत तोच वेग ताशी ३५ किलोमीटरांच्या आसपास येतो. भूकंपानंतर दोन तासांनी एका उपग्रहाने भर समुद्रात ह्या लाटेची उंची मोजली, ती केवळ साठेक सेंटिमीटर भरली. शेकडो किलोमीटरांवर पसरलेला एवढासा चढ होडीतल्या माणसास कळावा कसा? परंतु किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की लाटेचा पुढचा भाग मंदावतो, मागचा अजून वेगात येत असतो, आणि सगळे पाणी एकावर एक चढू लागते. साठ सेंटिमीटरांची लाट अशा रीतीने कित्येक मीटर उंच होते.

आता समुद्र मागे हटण्याचे कारण पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की समुद्रतळाला भगदाड पडते व त्यात पाणी ओढले जाते. तसे काही होत नाही. उंचवटा व खळगा हे त्सुनामीचे दोन भाग आहेत, आणि ज्या किनाऱ्यावर खळगा आधी पोहोचतो तेथे पाणी आधी उतरते. खळगा हा लाटेचाच पहिला भाग असतो. थायलंड देश भूकंपाच्या पूर्वेस, म्हणजे खळग्याच्या बाजूस आहे. तेथील फुकेत बेटापासून थोड्या अंतरावर एक शिडाची नौका नांगरून उभी होती. तिच्यातील खोली मोजणाऱ्या यंत्राने त्या सकाळची नोंद ठेवली आहे. पाणी प्रथम सुमारे अडीच-तीन मीटर खाली गेले, आणि त्यानंतर काही मिनिटांनी नेहमीच्या पातळीहून पुष्कळ वर चढले.

तीन मीटर म्हणजे फार नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु जेथे दर शंभर पावलांस तळ एक पाऊल उतरतो अशा सपाट किनाऱ्यावर पाणी तीन मीटर उतरले, तर तीनशे मीटर तळ उघडा पडतो. फुकेतच्या व आसपासच्या किनाऱ्यांवर हेच झाले. खडक उघडे पडले, मासे वाळूत तडफडू लागले, होड्या एका कुशीवर कलंडल्या. आणि कित्येक लोक कौतुकाने पुढे चालत गेले. त्यांच्या हाती काही थोडी मिनिटेच उरली होती. फुकेतच्याच एका किनाऱ्यावर एक दहा वर्षांची इंग्रज मुलगी सुटीसाठी आली होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीची लक्षणे ऐकली होती. समुद्र फेसाळून विचित्र वागू लागलेला पाहताच तिने आईवडिलांच्या मागे लागून इशारा देवविला, किनारा रिकामा करण्यात आला, आणि तेथील माणसे वाचली.

सुमात्राजवळील सिमेउलुए बेटाची हकिगत याहून बोधप्रद आहे. भूकंपाचे स्थान तेथून अगदी जवळ होते व पहिली लाट दहा मिनिटांच्या आतबाहेर येऊन थडकली. कोणत्याही यंत्राचा इशारा तेथवर पोहोचणे शक्य नव्हते. परंतु सन १९०७ साली त्याच बेटावर अशी लाट येऊन मोठी प्राणहानी झाली होती, आणि तिची आठवण आजीआजोबांनी नातवंडांना सांगत जिवंत ठेवली होती. त्या लाटेस ते ‘स्मोंग’ म्हणतात. धरणी जोराने हलली व मागून समुद्र ओसरला, की डोंगराकडे पळावयाचे, एवढाच त्यांचा धडा होता. सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीच्या त्या बेटावर त्या दिवशी सात माणसे दगावली.

मग वेलांकणीस समुद्राने असा इशारा का दिला नाही? भारत व श्रीलंका हे भूकंपाच्या पश्चिमेस, म्हणजे उंचवट्याच्या बाजूस आहेत. आपल्याकडे लाटेचा माथा आधी आला. चेन्नई बंदरातील भरती-ओहोटी टिपणाऱ्या यंत्राने सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांच्या सुमारास प्रथम पाणी चढल्याचीच नोंद केली. ओहोटी त्यानंतरची. श्रीलंकेच्या कलुतारा गावाजवळ समुद्र शेकडो मीटर मागे गेल्याचे उपग्रहाचे चित्र प्रसिद्ध आहे. पण ते पहिली लाट येऊन गेल्यानंतरचे आहे. म्हणून ‘पुष्कळदा’ हा शब्द आमच्या वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. समुद्र एकाएकी मागे हटला तर धोका आहे असे समजावे. परंतु तो हटला नाही, म्हणून धोका नाही असे कदापि समजू नये.

आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासही ही गोष्ट लागू आहे. दिनांक २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला. काही तासांनी त्याची सुमारे दोन मीटर उंचीची लाट मुंबईस पोहोचली व तेथे माणसे वाहून गेली. मकरानात वर बसलेले तबक उत्तरेकडे आहे. अर्थात खळग्याची बाजू त्यांच्या किनाऱ्याकडे, आणि उंचवट्याची बाजू खुल्या अरबी समुद्राकडे. तेव्हा तेथून लाट निघाली, तर ती येण्याआधी आपला समुद्र ओसरेलच, असा भरवसा धरता येत नाही. हैदराबाद येथे सन २००७ पासून चालू असलेले त्सुनामी इशारा केंद्र भूकंपाची व खोल समुद्रातील पाण्याच्या दाबाची नोंद पाहून सूचना देते. एवढ्या दूरच्या लाटेसाठी तीच सूचना उपयोगी पडावयाची.

खरी ओहोटी व ही ओहोटी यांत भेद कसा करावा? नित्याची ओहोटी सहा तास घेते, आणि तिची वेळ किनाऱ्यावरच्या प्रत्येकास ठाऊक असते. २६ डिसेंबरला पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचाच दिवस होता. परंतु उधाणाची ओहोटीही काही मिनिटांत उरकत नाही. अवेळी, पाहता पाहता पाणी उतरू लागले आणि कधी न दिसलेले खडक वर आले, तर मासे वेचावयास थांबू नये. त्याच क्षणी उंच जागी जावे; डोंगर जवळ नसेल तर पक्क्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढावे. किनाऱ्यावर उभे असता धरणी बराच वेळ हलत राहिली, तर समुद्राकडे पाहत बसण्याचीही गरज नाही, निघावेच. खोल पाण्यात असलेल्या होडीने मात्र किनाऱ्याकडे धाव घेऊ नये.

आणि एकदा वर गेल्यावर खाली उतरण्याची घाई करू नये. त्सुनामी ही एक लाट नसून लाटांची मालिका असते. दोन लाटांमध्ये अर्धा-अर्धा तास जाऊ शकतो, आणि दुसरी किंवा तिसरी लाट पहिलीहून मोठी असणे असामान्य नाही. पहिली लाट ओसरताच आपली माणसे व सामान शोधावयास खाली उतरलेले कित्येक जण पुढच्या लाटेत सापडतात. मधल्या वेळी समुद्र पुन्हा मागे गेलेला दिसेल; तो शांत झाला असे न समजता, पुढच्या लाटेचा खळगा आला आहे असे समजावे, आणि अधिकाऱ्यांनी सांगेपर्यंत उंचावरच थांबावे.